खात्यातून परस्पर कापली जाणारी शुल्कं: किमान शिल्लक, एटीएम आणि कार्डाची वार्षिक फी कशी टाळायची

बँकेने पैसे कापले की बहुतेक जण दोनच गोष्टी करतात: चिडून शाखेत जातात किंवा रक्कम लहान आहे म्हणून सोडून देतात. शाखेत गेलेल्यांचंही काम अनेकदा होत नाही, कारण कोणत्या नियमाने पैसे कापले आणि कुठे चुकलं हे त्यांना सांगता येत नाही. काही जण रागाच्या भरात आधी खातं बंद करतात आणि मग परतावा मागायला जातात. तोवर हातात काहीच उरलेलं नसतं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. इथले नियम बँकांच्या बचत खात्यांसाठी आहेत. पतसंस्थेतल्या खात्यासाठी त्या संस्थेचेच नियम पाहावे लागतील.

## तयारी

तीन कागद गोळा करा. पहिला, गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट. पासबुकात नोंदी कधीकधी एकत्र करून छापतात, त्यामुळे अ‍ॅप किंवा नेटबँकिंगवरून पीडीएफच काढा. बारा महिनेच का, तर कार्डाची फी वर्षातून एकदाच कापली जाते आणि तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ती हमखास निसटते.

दुसरा, बँकेच्या संकेतस्थळावरचं शुल्कपत्रक. तिथे ते `Schedule of Charges` किंवा `Service Charges` या नावाने असतं. एकाच बँकेत बचत खात्याचे पाच-सहा प्रकार असतात आणि प्रत्येकाचे दर वेगळे. तुमच्या खात्याचा नेमका प्रकार स्टेटमेंटच्या वरच्या भागात लिहिलेला असतो. तो पाहून त्याचंच पत्रक उघडा.

तिसरा कागद तुम्हीच बनवायचा: या खात्यातून आपोआप काय काय जातं त्याची यादी. कर्जाचा हप्ता, एसआयपी, विम्याचा हप्ता, वीजबिल, ओटीटीची वर्गणी, प्रत्येकाची तारीख आणि रक्कम. हा कागद कंटाळवाणा वाटतो, पण पुढचे दोन टप्पे त्यावरच उभे आहेत.

## टप्पा 1: शुल्काच्या नोंदी वेगळ्या काढा

पीडीएफमध्ये शोध सुविधा वापरून `CHRG`, `CHG`, `FEE`, `AMB`, `MAB`, `QAB`, `DECL`, `AMC`, `GST` हे शब्द एकेक करून शोधा. नोंदीचे शब्द बँकेगणिक बदलतात, पण यातला एखादा तुकडा बहुतेक वेळा असतोच. `AMB` किंवा `MAB` म्हणजे महिन्याची सरासरी शिल्लक, `QAB` म्हणजे तिमाहीची. `AMC` बहुधा कार्डाची वार्षिक फी असते. `DECL` असेल तर एटीएम किंवा दुकानात कार्ड नाकारलं गेल्याचा दंड समजा. `RTN` किंवा `RETURN` असेल तर एखादा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेलेला असतो.

प्रत्येक नोंद तारीख, रक्कम आणि कारण अशी लिहून काढा. कारण कळलं नाही तर जीएसटी बाजूला काढून पाहा. बँकेच्या सेवाशुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे कापलेली रक्कम 1.18 ने भागली की मूळ शुल्क मिळतं, आणि तो आकडा शुल्कपत्रकात शोधला की कारण बऱ्याचदा सापडतं. 27.14 रुपये कापलेत? भागाकार केला की 23 येतात, आणि 23 रुपये हा एटीएमचा दर आहे.

तपासा: दंडाच्या नोंदीची तारीख आणि चुकीची तारीख एक नसते. जूनमधल्या कमी शिल्लकीचा दंड जुलैत किंवा त्यानंतरही दिसू शकतो. खात्यात पैसेच नसतील तर दंड थकीत राहतो आणि पुढे पैसे जमा झाले की त्यातून वळता होतो. पगार जमा झाल्याच्या दिवशीच तीन-चार नोंदी एकदम दिसल्या तर समजा की हा मागचा साचलेला हिशेब आहे.

## टप्पा 2: सरासरी शिल्लकीचं गणित स्वतः करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘खात्यात दहा हजार ठेवायचे’ एवढंच लोकांच्या लक्षात असतं. बँक मात्र रोज रात्री दिवसाच्या अखेरीस खात्यात किती उरले ते पाहते, महिनाभराच्या त्या आकड्यांची बेरीज करते आणि दिवसांच्या संख्येने भागते. सकाळी आलेले आणि संध्याकाळी गेलेले पैसे या हिशेबात धरलेच जात नाहीत.

एक उदाहरण सोडवून पाहू. खात्याची अट आहे महिन्याला सरासरी 10,000 रुपये. महिना जून, दिवस 30. म्हणजे रोजच्या शिल्लकीची बेरीज 3,00,000 व्हायला हवी.

1 ते 4 जून खात्यात 16,000 आहेत. चार दिवसांचे झाले 64,000. पाच तारखेला 11,000 चा हप्ता गेला आणि शिल्लक 5,000 वर आली. ती तशीच महिनाअखेरपर्यंत राहिली. 30 तारखेला खातेदाराला आठवण झाली आणि त्याने 10,000 भरले. आता खात्यात 15,000 आहेत, त्यामुळे तो निर्धास्त आहे. हिशेब मात्र असा होतो:

```
1 ते 4 जून    :  4 × 16,000 =   64,000
5 ते 29 जून   : 25 ×  5,000 = 1,25,000
30 जून        :  1 × 15,000 =   15,000
एकूण                          2,04,000
सरासरी        : 2,04,000 ÷ 30 = 6,800
```

तूट 3,200 रुपयांची. समजा, या बँकेचा दर तुटीच्या 6 टक्के आहे, तर दंड 192 रुपये आणि जीएसटी धरून 226.56. शेवटच्या दिवशी दहा हजार भरूनही!

आता हेच गणित वीस तारखेला केलं असतं तर? वीस दिवसांची बेरीज 64,000 अधिक 80,000, म्हणजे 1,44,000. उरले 1,56,000 आणि दिवस दहा. म्हणजे 21 तारखेपासून रोज 15,600 शिल्लक लागेल. खात्यात 5,000 आहेतच, तेव्हा 10,600 भरून महिनाअखेरपर्यंत हलवायचे नाहीत, की दंड शून्य. 29 तारखेला जाग आली तर मात्र दोन रात्री खात्यात 58,000 लागतील. घरातल्या दुसऱ्या खात्यात तेवढी रक्कम पडून असेल तर दोन दिवसांसाठी इकडे वळवून हेही जमतं. नियमात त्याला आडकाठी नाही.

म्हणून महिन्याच्या वीस तारखेची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा आणि त्या दिवशी हे सूत्र वापरा:

```
रोज लागणारी शिल्लक =
(अट × महिन्याचे दिवस − आजवरची बेरीज) ÷ उरलेले दिवस
```

काही अ‍ॅप चालू महिन्याची सरासरी दाखवतात. ती दिसत असेल तर आजवरची बेरीज करण्याचा त्रास वाचतो: दाखवलेली सरासरी गुणिले झालेले दिवस.

सावधान: ‘आजवरची बेरीज’ काढताना तयारीतली यादी शेजारी ठेवा. 21 तारखेला पैसे भरले आणि 25 ला विम्याचा हप्ता गेला तर सगळं गणित पुन्हा कोसळतं. तारीख पुढेमागे करता येत असेल तर मोठे हप्ते महिनाअखेरीकडे न्या. पैसे खात्यात जितके जास्त दिवस राहतील तितकी सरासरी वर राहते.

तिमाही सरासरी असलेल्या खात्यात सूत्र तेच, फक्त दिवस नव्वदच्या आसपास. तिथे एका महिन्याची तूट पुढच्या महिन्यात भरून काढता येते, हा फायदा.

## टप्पा 3: हे खातं याच प्रकारात ठेवायचं का ते ठरवा

दर महिन्याला वीस तारखेचा हिशेब करणं हा कायमचा उपाय नाही. ज्या खात्यात एरवीही पैसे राहत नाहीत त्याचा प्रकार बदलून घेणं बरं.

आधी शुल्कपत्रक नव्याने पाहा, कारण नियम बदललेले असू शकतात. स्टेट बँकेने 2020 मध्येच बचत खात्यावरची किमान शिल्लकीची अट काढली. 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँकेनेही बचत खात्यांचा हा दंड बंद केला, मात्र काही खास प्रकारची खाती त्यातून वगळलेली असू शकतात. तुमचं खातं कोणत्या गटात येतं ते प्रकाराच्या नावावरूनच कळेल.

दंड लागू असेल तर बेसिक बचत खातं मागा. बँकेत ते बीएसबीडी या नावाने ओळखतात. त्यात किमान शिल्लकीची अट नसते, एटीएम कार्डाला वार्षिक फी नसते आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे मोफत काढता येतात. आहे तेच खातं या प्रकारात बदलून मिळतं. त्यासाठी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

इथे दोन चुका होतात. पहिली: त्याच बँकेत दुसरं साधं बचत खातं सुरू ठेवणं. बीएसबीडी खातं असेल तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, म्हणून आधी कोणतं ठेवायचं ते पक्कं करा. दुसरी: काउंटरवर ‘झिरो बॅलन्स’ म्हटल्यावर ‘स्मॉल अकाउंट’चा फॉर्म हातात पडणं. ते अपुऱ्या कागदपत्रांवर उघडायचं खातं असतं आणि त्यात शिल्लक 50,000 च्या आणि वर्षभरातला जमा भरणा एक लाखाच्या आत ठेवावा लागतो. तुमचं केवायसी पूर्ण असेल तर ‘पूर्ण केवायसी असलेलं बीएसबीडी’ असंच स्पष्ट लिहा.

नोकरी बदलणाऱ्यांनी हा टप्पा राजीनाम्याच्या वेळीच उरकावा. पगार येणं थांबलं की बँक ठरावीक मुदतीनंतर पगाराचं खातं साध्या बचत खात्यात बदलते. खात्यात चारशे रुपये ठेवून लोक विसरतात आणि किमान शिल्लकीची अट मात्र त्या खात्याला लागू झालेली असते. ‘पडून आहे, राहू दे’ म्हणून सोडलेल्या खात्यांवरच सगळ्यात जास्त दंड साचतो. दोन वर्षं खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय ठरतं, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पण ती दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत दंड लागू शकतो.

## टप्पा 4: एटीएमच्या मोफत व्यवहारांची मोजणी

इथे थोडक्यात आवरतं, कारण चुका ठरलेल्याच आहेत. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद या सहा महानगरांत तीन, बाकी सगळीकडे पाच. पुणे, नाशिक, नागपूर ‘बाकी’त मोडतात. तुमची शाखा कुठे आहे याला महत्त्व नाही, एटीएम कुठे आहे ते पाहिलं जातं. साताऱ्याच्या शाखेतलं कार्ड दादरला वापरलं तर तिथे महानगराचा नियम लागतो. ही किमान मर्यादा आहे. तुमच्या खात्याला जास्त मोफत व्यवहार असू शकतात.

मर्यादा संपल्यावर 1 मे 2025 पासून प्रत्येक व्यवहाराला जास्तीत जास्त 23 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 27.14. पाचशे रुपये काढायला सत्तावीस रुपये म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. तेव्हा थोडे थोडे काढण्याची सवय असेल तर ती सोडा.

शिल्लक पाहणं किंवा मिनी स्टेटमेंट काढणं हा दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर व्यवहारच मोजला जातो. आधी शिल्लक पाहून मग पैसे काढले की एका फेरीत दोन व्यवहार संपतात. शिल्लक अ‍ॅपवर पाहा. अंदाजाने रक्कम टाकू नका, कारण शिल्लक अपुरी म्हणून व्यवहार नाकारला गेला तर बऱ्याच बँका त्याचा वेगळा दंड लावतात.

उलट मशीन बिघडलं, नोटा संपल्या, जोडणी तुटली किंवा पिन चुकला म्हणून पैसे आले नाहीत, तर तो व्यवहार मोफत मर्यादेत धरता येत नाही आणि त्याचं शुल्कही लावता येत नाही. म्हणून मशीनची पावती किंवा पडद्यावरच्या संदेशाचा फोटो ठेवा.

तपासा: पैसे हातात आले नाहीत पण खात्यातून गेले? व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी. उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने न मागता जमा करायची असते. ती आली का, हे स्टेटमेंटमध्ये पाहा.

## टप्पा 5: कार्डाची वार्षिक फी, कापण्याच्या आधीच्या महिन्यात

डेबिट कार्डाची फी बहुधा कार्ड ज्या महिन्यात दिलं त्याच महिन्यात दरवर्षी कापली जाते. टप्पा 1 मधल्या यादीत गेल्या वर्षीची तारीख मिळेल. त्याच्या महिनाभर आधी पुढचं काम करा.

अ‍ॅपमधल्या कार्डांच्या विभागात जाऊन या खात्याला किती कार्डं जोडलेली आहेत ते पाहा. खातं उघडताना बिननावाचं कार्ड लगेच मिळतं, नंतर नावाचं येतं, आणि पहिलं कोणी बंदच करत नाही. संयुक्त खात्यात दोघांच्या नावे वेगळी कार्डं, म्हणजे फीही दोनदा. वापरात नसलेलं कार्ड कायमचं बंद करा आणि वापरातलं कार्ड महागड्या प्रकारातलं असेल तर साध्या प्रकाराचं मागा. नव्या कार्डाला देण्याचं शुल्क पडतं का ते आधी विचारून घ्या.

सावधान: अ‍ॅपमधलं ‘तात्पुरतं बंद’ बटण दाबल्याने फी थांबत नाही. कार्ड फक्त वापरता येत नाही, ते बँकेच्या नोंदीत जिवंतच असतं. ‘कायमस्वरूपी रद्द’ असा विनंती क्रमांक मिळायला हवा.

क्रेडिट कार्डाचं थोडं वेगळं आहे. ‘पहिलं वर्ष मोफत’ आणि ‘आजीवन मोफत’ यातला फरक विकणारा फोनवर गिळून टाकतो, तेव्हा मंजुरीपत्रात वाचा. ठरावीक खर्च केला की फी माफ होते अशी अट असेल तर दोन गोष्टी तपासा. वर्ष कार्डाच्या तारखेपासून मोजतात, एप्रिल ते मार्च नव्हे. आणि इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे असे काही खर्च अनेकदा त्या रकमेत धरले जात नाहीत.

बंद करायचं असेल तर आधी थकबाकी शून्य करा, मग लेखी विनंती द्या. त्यानंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं नाही तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये कार्डधारकाला देणं बँकेवर बंधनकारक आहे. फी वाढवायची असेल तर किमान महिनाभर आधी कळवावं लागतं आणि ती मान्य नसेल तर जादा शुल्काशिवाय कार्ड परत करता येतं. फी बिलात आलीच असेल आणि वाद चालू असेल, तरी बिल थकवू नका. उशिराचा दंड, व्याज आणि क्रेडिट स्कोअरला बसणारा फटका फीपेक्षा महाग पडतो.

## टप्पा 6: कापलेले पैसे परत मागा, खातं बंद करण्याआधी

‘दंड फार आहे, कमी करा’ असं लिहिलेल्या तक्रारीचा उपयोग होत नाही. दर ठरवणं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपालही त्यात पडत नाही. नियम कुठे मोडला ते दाखवा. किमान शिल्लकीच्या दंडाबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू आहेत. त्यातले तीन मुद्दे तुमच्या कामाचे:

शिल्लक कमी झाल्यावर बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायला हवं आणि ती भरून काढायला किमान एक महिना द्यायला हवा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा; टप्पे पाडलेले चालतात, पण जरा कमी आणि खूप कमी यांना एकच सरसकट दंड नको. आणि केवळ या दंडामुळे खातं उणे जाता कामा नये.

मोबाइलमधले आणि ईमेलमधले बँकेचे जुने संदेश शोधा. सूचना आलीच नसेल किंवा सूचनेनंतर महिना होण्याआधी दंड कापला असेल, तर मजकूर एवढा पुरेसा आहे:

> ‘दि. ___ रोजी माझ्या बचत खात्यातून किमान शिल्लक दंड म्हणून रु. ___ कापले आहेत. या तुटीची सूचना मला मिळालेली नाही / सूचनेनंतर एक महिना पूर्ण होण्याआधी दंड लावला आहे. सूचना पाठवल्याची तारीख व माध्यम कळवावे, अन्यथा जीएसटीसह रक्कम परत जमा करावी.’

सूचनेची तारीख मागणं हा यातला महत्त्वाचा भाग आहे. ती दाखवता आली नाही तर बँकेला पैसे परत करण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. अर्ज अ‍ॅपमधून किंवा ईमेलने द्या, म्हणजे तक्रार क्रमांक मिळतो. मोबाइल क्रमांक बदलल्याचं बँकेला कळवलं नसेल तर मात्र सूचना जुन्या क्रमांकावर गेलेली असू शकते, तेव्हा ते आधी पाहा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. त्याला फी नाही. बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा जोडला नाही तर तक्रार पहिल्याच पायरीवर फेटाळली जाते. अनेकांचं इथेच अडतं, कारण त्यांची तक्रार फोनवर झालेली असते.

निकाल लागेपर्यंत खातं चालू ठेवा. त्यानंतर बंद करायचं असेल तर त्याआधी हप्ते, एसआयपी, विमा, गॅसचं अनुदान आणि प्राप्तिकराचा परतावा दुसऱ्या खात्याला जोडा आणि तिथून एकदा सगळं गेल्या-आल्याचं पाहा. मगच बंद करण्याचा अर्ज द्या आणि शून्य शिल्लकीचं शेवटचं स्टेटमेंट व खातं बंद झाल्याचं पत्र मागून घ्या.